चौऱ्याहत्तरचा पैलवान

फकिरप्पा आमच्या तालमीत आला तेव्हा त्याला मराठीतलं जेवणाखाणाचं सगळं येत होतं आणि बाकी काहीच येत नव्हतं. गदगकडचा गडी. घरची मेंढरं, बाप लहानपणीच गेलेला, आईनं मेंढरं विकून कोल्हापूरला धाडलेला. अंगानं नुसता भरीव. मान कुठं संपते आणि खांदा कुठं सुरू होतो ते कळायचं नाही. रंगराव वस्तादांनी पहिल्या दिवशी त्याच्या पाठीवर थाप मारून विचारलं, "काय रं, आमची भाषा समजती का?"

"समजती वस्ताद. थोडी जेवलो की अजून समजती," तो म्हणाला, आणि मातीच्या हौद्यातले सगळे हसले.

भाषा तो भराभर उचलत गेला. शिव्या आठवड्यात आल्या, डावांची नावं पंधरवड्यात. अडायचा तो आकड्यांपाशी. वीसपर्यंत बरा चालायचा, मग पाय मुरगळल्यासारखं व्हायचं.

आमच्याकडं बैठका मारताना दोन रांगा समोरासमोर उभ्या राहतात. एक आकडा ह्या रांगेनं म्हणायचा, पुढचा समोरच्या रांगेनं. पन्नास झाले की पुन्हा एकपासून. एका सकाळी ह्या रांगेचा आकडा फकिरप्पाकडं होता आणि समोर सर्जेराव. सर्जेराव म्हणजे आमच्यातला सगळ्यात गोड बोलणारा आणि सगळ्यात आळशी. डोळे मिटून बैठका मारायचा.

"सदतीस," फकिरप्पा म्हणाला.

"अडतीस," सर्जेराव म्हणाला.

"एकोणतीस."

"तीस," सर्जेरावानं डोळे न उघडता उत्तर दिलं, आणि फकिरप्पा त्या ओघात "एकतीस" म्हणून मोकळा झाला. सगळ्यांनी दहा बैठका जादा मारल्या. कुणाच्या लक्षातच आलं नाही, नुसत्या मांड्या बोलायला लागल्या तेव्हा मी म्हटलं, "आरं, आज पन्नास लांबलं कसं?"

मग चौकशी झाली. सर्जेराव हौद्याच्या कडेला बसून फकिरप्पाला म्हणाला, "लेका, अडतीसच्या फुडं एकोणतीस कुटनं काढलास?"

"तीस आणि नऊ. बरोबर हाय की."

"एकोणचाळीस म्हणायचं."

"चाळीस तर अजून आला न्हाई."

"आला न्हाई तरी नाव त्याचंच."

फकिरप्पानं थोडा विचार केला. "म्हंजे येणाऱ्याचं नाव आधीच लावायचं? पोरगं व्हायच्या आधी बारसं?"

"आमच्यात असंच," सर्जेराव म्हणाला आणि टॉवेल तोंडावर टाकून आडवा झाला.

आता हे उत्तर खोटं नव्हतं, पण अर्धं होतं. नऊ तेवढा पुढच्याचं नाव लावतो आणि बाकीचे आठ आपापल्या घरी गुमान राहतात, हे सांगायला सर्जेरावाला टॉवेल बाजूला करावा लागला असता. फकिरप्पानं पन्नासच्या आतलं सगळं घोकून पाठ केलं. एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास, सगळं चोख. पन्नासच्या बाहेर मात्र त्याला कुणी नेलंच नाही, कारण आमच्या बैठका तिथं संपायच्या.

त्या उन्हाळ्यात जिल्ह्याची निवड चाचणी लागली. एका गटात एका तालमीचा एकच गडी उतरवायचा असा नियम होता. सर्जेराव एकोणऐंशी किलोच्या गटात ठरलेला. फकिरप्पा तेव्हा अठ्ठ्याहत्तर भरायचा, म्हणजे तोही त्याच गटात बसणारा. दोघांना एका गटात टाकता येत नाही, तेव्हा वस्तादांनी मनाशी ठरवलं की ह्यानं चार किलो उतरवायचे आणि चौऱ्याहत्तरच्या गटात लढायचं.

एवढ्यात वस्तादांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं, मिरजेला. नंतर महिनाभर तिथंच लेकीकडं राहायचं. निघायच्या दिवशी फकिरप्पानं त्यांना जवळजवळ उचलूनच जीपमध्ये ठेवलं. आम्ही मागं सामान बांधत होतो. वस्तादांनी त्याचा कान धरून जवळ ओढला आणि म्हणाले, "ऐक. चाचणीला वजन चौऱ्याहत्तर पायजे. काट्यावर चौऱ्याहत्तर दिसलं पायजे. कसं करायचं ते तुझं तू बग, पैलवान हाईस."

"चौऱ्याहत्तर," फकिरप्पा म्हणाला. "करतो वस्ताद."

जीप गेली. फकिरप्पा बराच वेळ फाटकात उभा राहिला. त्याच्या डोक्यात काय चाललं होतं ते पुढं त्यानंच सांगितलं. त्याला सत्तर माहीत होतं, ऐंशी माहीत होतं. स्वतःचं वजन तो काट्यावर नुसतं बघायचा, त्या आकड्याचं नाव कुणी त्याच्यासमोर घेतलं नव्हतं. सर्जेरावाचं वजन काट्यावर सात आणि नऊ असं दिसायचं आणि सगळे त्याला एकोणऐंशी म्हणायचे. म्हणजे सत्तरच्या घरातल्यांना ऐंशीचं नाव. सर्जेरावानं सांगितलेलंच की, येणाऱ्याचं नाव आधीच लावायचं. मग हे हत्तर कुणाचं? सत्तरचं असतं तर त्यात सत्तर ऐकू आलं असतं. उरलं ऐंशीचं घर. त्यात कानडीत हत्तु म्हणजे दहा. सत्तर, वर हत्तु, झाले ऐंशी. हिशेब पक्का बसला. चौऱ्याहत्तर म्हणजे ऐंशी आणि चार.

वस्तादांनी आपल्याला सहा किलो चढवायला सांगितलंय, एवढं त्याला कळलं, आणि असा हुकूम देणाऱ्या गुरूबद्दल त्याच्या मनात माया दाटून आली.

दुसऱ्या दिवसापासून तो खायला लागला. आधी खात नव्हता असं नाही, पण आता त्याला कर्तव्य आलं. पहाटे थंडाई, दुपारी भाकरी आणि मटण, तूप असं की ताटात भाकरी तरंगावी. संध्याकाळी पुन्हा दूध. सर्जेराव स्वतः वजन राखायला अर्ध्या भाकरीवर होता. तो समोर बसून नुसता बघायचा.

"आरं फकिऱ्या, तुला उतरवायचंय का चढवायचंय?"

"चढवायचंय. वस्ताद सांगून गेले."

"खरंच?"

"कानात सांगितलं. कान धरून."

वस्तादांनी कान धरून सांगितलेल्या गोष्टीवर आमच्या तालमीत उलट विचारायची पद्धत नव्हती. शहाऐंशीच्या गटात आमचा गडी नव्हता. आम्ही समजलो, वस्तादांचा असाच बेत असेल, ह्याला तिथं घालायचं असेल. सर्जेराव तेवढं म्हणाला, "नशीब काढलंस भावा. आमचा कान कधी असा धरला न्हाई."

वस्तादांचा मिरजेहून एकदाच फोन आला, फकिरप्पाला. ते बोलणं मला नंतर दोघांनी वेगवेगळं सांगितलं आणि दोघांचं शब्दाला शब्द जुळलं. म्हणून इथं तसंच देतो.

"किती भरतंय रं?" वस्तादांनी विचारलं.

फकिरप्पा त्याच दिवशी काट्यावर चढला होता. काटा आठ आणि एक दाखवत होता. "एकाहत्तर, वस्ताद," तो म्हणाला.

वस्ताद पलंगावर उठून बसले. इतक्या थोड्या दिवसांत अठ्ठ्याहत्तरवरून एकाहत्तर. पोरानं अन्न सोडलं की काय? "एकाहत्तर? नक्की?"

"नक्की. लंगोटावर उभा राहून बघितलं."

"आरं मग चौऱ्याहत्तरला तीन किलो कमी पडतायत की."

"होय. तीन कमी हाईत. करतो."

"करतो काय करतो? चांगलं खा. उपाशी मरू नगं. दूध वाढव."

"दूध वाढवलंय वस्ताद. अजून वाढवू?"

"वाढव. आन रोज मटण खा. माझ्या नावावर आण."

वस्तादांनी फोन ठेवला आणि लेकीला सांगितलं म्हणे, की असा आज्ञाधारक गडी आयुष्यात बघितला नाही, जीव टाकून वजन उतरवलंन. सांगताना त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. इकडं फकिरप्पाही डोळे पुसत आमच्याकडं आला. "वस्ताद म्हणतात, माझ्या नावावर मटण आण." मग आम्हालाही थोडं वाईट वाटलं, कारण आमच्यासाठी त्यांनी कधी कांदासुद्धा आणवला नव्हता.

चाचणीच्या सकाळी वस्ताद काठी टेकत मैदानाच्या हॉलमध्ये आले. वजनाची रांग लागली होती. फकिरप्पा लंगोटावर, रांगेत मध्यावर. वस्तादांनी त्याला लांबून पाहिलं आणि चष्मा पुसला. पुन्हा पाहिलं.

"हिंदुराव," ते मला म्हणाले, "हे पोरगं मला रुंद का दिसतंय? का गोळ्यांचा परिणाम म्हणायचा?"

"चांगलं झालंय की वस्ताद, तुम्ही सांगितल्यापरमाणं," मी म्हणालो.

ते काही बोलायच्या आत फकिरप्पाचा नंबर आला. काट्यापाशी एक निवृत्त ड्रिल मास्तर बसले होते, सुतारमास्तर म्हणून. फकिरप्पा काट्यावर चढला, श्वास रोखला, आकडा स्थिर झाला. त्यानं खाली वाकून पाहिलं, आठ आणि चार. त्याचा चेहरा असा उजळला की मास्तरही त्याच्याकडं पाहून हसले. तो वस्तादांकडं वळून म्हणाला, "चौऱ्याहत्तर, वस्ताद. बरोब्बर चौऱ्याहत्तर."

"चौऱ्याऐंशी," सुतारमास्तर म्हणाले.

"न्हाई सर. चौऱ्याहत्तर."

"बाळा, मी तीस वर्षं शाळेत होतो. चौऱ्याऐंशी."

वस्ताद काठी टेकत काट्यापर्यंत आले. आकड्याकडं पाहिलं. फकिरप्पाकडं पाहिलं. पोटाकडं जरा जास्त वेळ पाहिलं. मग मागच्या रांगेतले पैलवान हसायला लागले आणि कुणीतरी म्हणालं, "वस्ताद, गडी उतरवला का फुगवला?"

मला वाटलं आता काठी उठणार. पण वस्ताद नुसते म्हणाले, "मास्तर, ह्या पोराला शहाऐंशीत घाला. आमचा तिथं कुणी न्हाई." आणि फकिरप्पाला म्हणाले, "कपडे घाल. भाईर ये."

बाहेर पायऱ्यांवर ते बसले. फकिरप्पा खालच्या पायरीवर, मान खाली. मी आणि सर्जेराव ऐकू येईल एवढ्या अंतरावर.

"त्या धुळीत लिव, चौऱ्याहत्तर."

त्यानं बोटानं आठ आणि चार काढले.

"आता सात आन चार लिव. ह्याला काय म्हणतोस?"

"चौऱ्यांशी."

वस्तादांनी डोळे मिटले. "मग फोनवर एकाहत्तर म्हणालास तवा किती हुतास?"

फकिरप्पानं आठ आणि एक काढले. वस्ताद त्या आकड्यांकडं बघत राहिले. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला आधी वाटलं गुडघा दुखला. पण ते हसत होते, आवाज न करता, काठीवर डोकं टेकून. "मी तुला खा म्हणालो. आरं देवा, मीच खा म्हणालो."

"मटण पण," फकिरप्पा म्हणाला.

"मटण पण. माझ्या नावावर."

मग त्यांनी त्याचा हिशेब ऐकून घेतला. सर्जेरावाचं एकोणऐंशी, येणाऱ्याचं नाव, कानडीतला हत्तु, सगळं. फकिरप्पा शेवटी म्हणाला, "पन्नासच्या आत पाठ केलं वस्ताद. भाईर डोकं चालवलं."

"तिथंच चुकलं. मराठी आकड्यात डोकं चालवायचं नसतंय." वस्तादांनी धुळीत काठीनं रेघ ओढली. "ऐक. फकस्त नऊ पुढं पळतो. एकोण म्हंजे एक उणा. ऐंशीला एक उणा, म्हणून एकोणऐंशी. बाकीची पोरं आपल्या घरात. आन हत्तर म्हंजे सत्तरच. आधी एक, दोन, तीन लावून लावून स झिजला, ह झाला. बावन्न म्हणतोस, त्यात पन्नास ऐकू येतंय का? झिजलेलं पन्नासच हाय ते. सगळ्यांची नावं वापरून झिजल्यात. माझा गुडघा बग."

"आणि चौऱ्यांशी?"

"चौऱ्या आन ऐंशी. घाईत म्हणताना आपण ऐंशीचा निम्मा गिळतो."

सुतारमास्तर चहा घेऊन बाहेर आले होते. ते पायरीवर टेकले आणि म्हणाले, "ह्याला एकट्याला नका बोलू वस्ताद. माझी नात इथंच जन्मली, घरात मराठी, पण शाळा इंग्रजी. परवा तिला सदुसष्ट लिहायला सांगितलं, तर शहात्तर लिहिलंन. म्हणाली, आजोबा, तुम्ही सात आधी म्हणालात, मी सात आधी लिहिला."

"बरोबर हाय तिचं," फकिरप्पा एकदम म्हणाला. "आमच्यात मोठा आधी म्हणतात. एप्पत्तु म्हंजे सत्तर, मग नालकु म्हंजे चार. जसं लिहितात तसं."

"आन सात तरी किती तऱ्हेचा," सर्जेराव मध्येच म्हणाला. "सदतीस, सत्तेचाळीस, सत्तावन्न, सदुसष्ट. प्रत्येक घरात जाताना कपडे बदलतोय."

वस्ताद त्याच्याकडं वळले. "तुला हे सगळं येतंय व्हय? मग ह्याला शिकवताना तोंडावर टॉवेल का टाकलास?"

सर्जेराव मास्तरांचा रिकामा कप उचलून आत गेला.

दुपारी कुस्त्या झाल्या. शहाऐंशीच्या गटात सगळे फकिरप्पाहून ढांगभर मोठे. पहिला गडी कागलकडचा, भिंतीसारखा. फकिरप्पाला आधी वाटलं हलणारच नाही. पण ह्याच्या अंगावर नवीन वजन चढलं होतं तरी पाय जुन्याच वजनाचे होते, चपळ. त्यानं दोनदा हुलकावणी दिली आणि एकेरी पट असा काढला की भिंत मॅटवर आडवी झाली. वस्ताद खुर्चीतून उठले आणि "आई गं" म्हणून पुन्हा बसले. दुसरी कुस्ती गुणांवर जेमतेम निघाली. फायनलला पडला तो मात्र कष्टानं पडला. समोरचा गडी मुरलेला, ह्याला दमवून दमवून शेवटी खाली घेतलंन. निवड पहिल्याचीच व्हायची, ती हुकली. सर्जेरावाची एकोणऐंशीत झाली.

उतरताना फकिरप्पाचा चेहरा पडला होता. वस्तादांनी त्याच्या मानेवर हात ठेवला. "चौऱ्याहत्तरात तू उपाशी, वाळलेला लढला असतास. तिथंबी कदाचित पडला असतास. हितं पोट भरून पडलास." फकिरप्पा थोडा हसला. वस्ताद पुढं म्हणाले, "माझी चूक झाली. मला तुला चौऱ्याहत्तरात कोंबायचंच नको हुतं. हे वजन तुला शोभतंय."

असं त्यांनी आमच्यापैकी कुणाला कधी सांगितलेलं मी ऐकलं नव्हतं. माझी चूक हे दोन शब्द त्यांच्या तोंडून आले तेव्हा सर्जेरावानं माझ्याकडं पाहिलं, मी त्याच्याकडं.

तालमीत मग बैठका शंभरपर्यंत मोजायला लागल्या. त्यापायी आमच्या मांड्यांचे जे हाल झाले त्याबद्दल फकिरप्पाला पुष्कळ ऐकून घ्यावं लागलं. पहिल्या दिवशी तो सगळा रस्ता न अडखळता गेला. अडुसष्ट, एकोणसत्तर, सत्तर, एकाहत्तर. ऐंशीचं घर ओलांडलं, एकोणनव्वदला आम्ही श्वास धरला, ते पण पार झालं. अठ्ठ्याण्णवच्या पुढं तो खणखणीत आवाजात म्हणाला, "एकोणशंभर."

"नव्व्याण्णव," वस्ताद म्हणाले.

फकिरप्पा बैठकीतच थांबला. "शंभरला एक उणा. तुम्हीच म्हणालात."

"म्हणालो."

"मग?"

वस्तादांनी मिशीवरून हात फिरवला. हौद्यात सगळे अर्धे वाकलेले, कुणी खाली जाईना, वर येईना. "ते तसंच हाय," ते शेवटी म्हणाले. "शंभराचं काम वायलं, येगळं."

"वायलं का?"

"शंभर मार, मग सांगतो." अजून सांगितलेलं नाही.

पुढच्या वर्षी गदगकडं फकिरप्पाच्या गावच्या जत्रेला आम्ही वस्तादांना घेऊन गेलो. ह्यानं तिथं शहाऐंशीच्या तयारीत दोन कुस्त्या मारल्या, गावानं खांद्यावर घेतला. एस्टीतून जाताना वस्तादांनी त्याच्याकडून कानडी आकडे शिकून घेतले. "हे कसं सरळ हाय बगा," आम्हाला दाखवत होते, "दहाचं नाव घ्या, एक-दोन जोडा, झालं. पोरखेळ. एवढ्यासाठी तू एवढा गोंधळलास व्हय रं?" त्या आकड्यांत सत्तरला एप्पत्तु म्हणतात, ऐंशीला एंबत्तु आणि एकाला ओंदु.

फकिरप्पाची आई, बसव्वा, दारात उभी होती. पाया पडली, पाणी दिलं. वस्तादांच्या काठीकडं पाहून तिनं कानडीत काहीतरी विचारलं. फकिरप्पा सांगायला पुढं झाला, पण वस्तादांनी त्याला हातानं अडवलं. वय विचारतेय एवढं त्यांना उमगलं होतं. ते एकाहत्तरचे होते. छाती काढून म्हणाले, "एंबत्तोंदु."

बाईनं दोन्ही हात गालाला लावले, पुन्हा वाकून पाया पडली आणि घाईनं आत गेली. फकिरप्पा भिंतीकडं तोंड करून उभा राहिला.

"काय झालं?" वस्तादांनी विचारलं. "बरोबर म्हणालो न्हवं?"

"बरोबर म्हणालात वस्ताद," तो म्हणाला, तसाच भिंतीकडं तोंड करून.

मग पानं वाढली. आम्हाला गरम ज्वारीची भाकरी आणि मटणाचा लालभडक रस्सा, वाडग्यातून वाफा येताहेत. वस्तादांच्या पुढं दुधात मऊ कुस्करलेली भाकरी, वर थोडी साखर, आणि बाजूला पंखा घेऊन बसलेली बसव्वा. एवढ्या वयाचा माणूस एवढ्या लांबून आला, ह्या कौतुकानं ती हळूहळू वारा घालत होती.

वस्तादांनी आमच्या वाडग्यांकडं पाहिलं, आपल्या ताटलीकडं पाहिलं. "फकिरप्पा," ते शांतपणे म्हणाले, "मी हिला किती सांगितलं?"

फकिरप्पानं आधी रश्शाचा घोट घेतला, सावकाश. मग सांगितलं.